घरी सगळं ठीक आहे, मॅडम

शाळेचा फोन येतो तो दुपारी सव्वादोनला, म्हणजे पुण्यात सभ्य माणसं एकमेकांना फोन करत नाहीत अशा वेळी. तिसरीतल्या तुमच्या चिरंजीवांनी शेजारी बसणाऱ्या मुलाच्या दंडाला चावा घेतलेला असतो. दीड महिना डबा अर्धा परत येतोय आणि गृहपाठाची वही तर येतच नाही. बाई विचारतात, "घरी काही बदल झालाय का?"

घाबरू नका. उत्तर ठरलेलं आहे: "छे हो, घरी सगळं ठीक आहे." पाडवा झाल्यावर नवरा दोन बॅगा घेऊन कोथरूडहून वाकडला भाड्याच्या फ्लॅटवर राहायला गेला, याला काही बदल म्हणत नाहीत. ही घरातली गोष्ट. शेजारच्या जोशीकाकूंना सांगितली नाही, ती शाळेला काय म्हणून सांगायची?

तुम्ही गप्प बसलात की उरलेलं काम शाळा करते. तिला काहीतरी कारण लागतंच. आधी मोबाइल, मग लाड, मग 'लक्ष एकाग्र होत नाही'. महिन्याभरात तुमच्या हातात एक प्रश्नावली येते. मूल एका जागी बसतं का, सांगितलेलं पूर्ण ऐकतं का. तुम्ही प्रामाणिकपणे 'नाही, नाही' अशा खुणा करता. चंचलपणाचं निदान करायला लक्षणं किमान सहा महिने आणि एकाहून जास्त ठिकाणी दिसावी लागतात, त्यामुळे 'हे कधीपासून?' हा प्रश्न मोठा नाजूक असतो. तिथे 'लहानपणापासूनच वांड आहे' असं लिहून टाका. खरी तारीख लिहिली तर कुणाच्या तरी लक्षात यायचं.

आता एक गोष्ट रचा. पुण्यात ती तयारच मिळते: बाबा प्रोजेक्टसाठी बेंगळुरूला गेलेत. मुलाला समोर बसवून ती घोकून घ्या. हो, तो दर दुसऱ्या शनिवारी बाबांकडे वाकडला राहायला जातो आणि रविवारी रात्री परत येतो, पण आठ वर्षांच्या मुलाला एवढं सांभाळता आलं पाहिजे. आजीने त्याला देवासमोर उभं करून "बाहेर कुठे बोलायचं नाही हं" असं सांगितलं, तर आणखी पक्कं बसतं.

सोमवारी पहिल्या तासाला बाई मुलांना सुट्टीत काय केलं ते सांगायला लावतात. तुमच्या मुलाने काय सांगावं? वाकडच्या फ्लॅटमध्ये बाबांनी जळालेले पोहे केले, ते आम्ही दोघांनी खाल्ले, हे सांगता येत नाही. मग तो 'काही नाही' म्हणतो, किंवा गड चढून आल्याचं ठोकून देतो. त्या सोमवारी शेजारचा मुलगा एवढंच म्हणाला, "तुझे बाबा बेंगळुरूला आहेत ना? मग काल डांगे चौकात कसे होते?" पुढचा चावा बाईंनी पाहिला. आधीचं वाक्य कुणी ऐकलं नाही. चावा, ढकलाढकली, पोटात दुखतंय म्हणून बाकावर डोकं टेकणं, हे सगळं एक सोडून एक सोमवारी होतंय, हेही कुणी पाहिलं नाही. पाहायचं असेल तर शाळेच्या डायरीतले शेरे आणि घरातलं कालनिर्णय शेजारी ठेवावं लागतं. नसती उठाठेव.

चाव्यानंतर मात्र संयम सोडा. आता दुसरं टोक गाठायचं: सगळं सांगायचं. जागा शाळेचं फाटक, वेळ शाळा सुटतानाची, मुलाचा हात तुमच्या हातात. सासूबाईंपासून सुरुवात करा. रात्री घरी जाऊन मुख्याध्यापकांना पाच पानी ईमेल लिहा. नवऱ्याचा स्वभाव, फ्लॅटचे हप्ते, कुणाच्या मेसेजचे स्क्रीनशॉट, सगळं घाला आणि प्रत विश्वस्तांना पाठवा. लिहिलेला कागद शाळेच्या फायलीत राहतो आणि उद्या ताब्याचा वाद शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात गेला तर तो तिथे मागवला जाऊ शकतो, या क्षुद्र विचाराने लेखणी अडवू नका.

ईमेलच्या शेवटी फर्मान काढा: वडिलांना मुलाला नेऊ देऊ नये. शाळा नम्रपणे कोर्टाचा आदेश मागेल, कारण तो नसेल तर आईच्या एका ईमेलवर बापाला फाटकातून परत पाठवणं तिच्या हातात नसतं. हा अपमान समजा आणि पालकांच्या ग्रुपवर टाका.

या दोन टोकांच्या मधे एक अत्यंत कंटाळवाणा मार्ग आहे. त्यापासून सावध राहण्यासाठीच तो इथे देतो. काही नीरस पालक वर्गशिक्षिकेची वेळ मागून घेतात, मुलाला बाहेर ठेवतात आणि एवढंच सांगतात: "पाडव्यापासून त्याचे बाबा वाकडला राहतात. त्याला हे माहीत आहे. आम्ही त्याला 'आईबाबा वेगळ्या घरात राहणार, तू दोघांचा' असं सांगितलंय. दर दुसऱ्या शनिवारी तो तिकडे जातो, सोमवारी जड जातं. न्यायला मी किंवा बाबा, तिसरं कुणी नाही. रडला तर दोन मिनिटं पाणी प्यायला पाठवा, सगळ्यांसमोर विचारू नका. हे तुम्ही आणि समुपदेशक, दोघांपुरतंच राहू दे." का वेगळे झालात, चूक कुणाची, यातलं काही नाही. बाईंना वर्ग चालवायला ते लागतही नाही. यात रस कुठे आहे सांगा. शिवाय हे दोघांनी आधी ठरवून सांगायचं, म्हणजे नवऱ्याला फोन करणं आलं.

आणि बाईंना उगीच कामाला लावल्यासारखं होतं. त्या 'माझं कुटुंब'च्या तक्त्यात 'घरात राहणारी माणसं' याऐवजी 'माझी माणसं' लिहायला लावतात, सोमवारी त्याला बोलायला शेवटी उठवतात आणि शेजारच्या मुलाची जागा बदलतात.

एका बाबतीत मात्र थट्टा बाजूला. घरात मुलाला मारहाण होत असेल किंवा त्याहून वाईट काही, तर "बाई, कुणाला सांगू नका" अशी शपथ घालू नका. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, बाईंनाही. त्यांना ते गुपित ठेवता येणार नाही आणि त्यांनी ठेवूही नये. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक अशाच वेळेसाठी आहे.

बाकी तुमचं गुपित सुरक्षित आहे याची खात्री बाळगा. परवाच, चाव्याच्या प्रकरणानंतर, मधल्या सुट्टीत चिरंजीव स्वतःहून बाईंच्या टेबलापाशी गेले. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "बाई, माझे बाबा बेंगळुरूला नाहीत, वाकडला असतात. पण आईला सांगू नका हं, तिला माहीत नाहीये की तुम्हाला माहीत आहे."