हंगामी धंद्याची रोख हंगामाच्या तोंडावरच का आटते

सगळीकडे फिरणारा सल्ला असा आहे:

"हंगामी धंद्याचा हिशेब सोपा आहे. गेल्या वर्षीची विक्री बाराने भागा, त्यातून महिन्याचा खर्च वजा करा. शिल्लक दिसली की धंदा सुरक्षित. मंदीच्या महिन्यांसाठी तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, बास. एकदा हंगाम लागला की पैसा येतोच. हा तक्ता वर्षातून एकदा केला की पुरे."

भागाकाराबद्दल

सुरुवात इथूनच करू, कारण पुढच्या चुका यातूनच निघतात. सरासरी काढली की कोणत्या महिन्यात काय घडलं तेच पुसलं जातं, आणि हंगामी धंद्यात पाहायचं असतं ते नेमकं तेच.

एक धंदा घेऊ. वर्षाची विक्री १२००. चलन कोणतंही धरा. पाचव्या महिन्यात ८० ची विक्री, सहाव्यात २००, सातव्यात ३००, आठव्यात २६०, नवव्यात १८०. चौथ्या आणि दहाव्या महिन्यात ४०, उरलेल्या प्रत्येक महिन्यात २०. मालाची किंमत विक्रीच्या निम्मी. भाडं, पगार, कर्जाचा हप्ता आणि मालकाची घरखर्चाची उचल मिळून दरमहा ३५. पाचव्या ते आठव्या महिन्यात हंगामी कामगारांचे दरमहा १५, आणि तिसऱ्या महिन्यात विमा व कर यांचे एकरकमी २४. वर्षाचा खर्च ११०४ होतो, ९६ उरतात. बाराने भागलं तर दरमहा १०० येतात, ९२ जातात आणि ८ शिल्लक. कागदावर धंदा ठणठणीत दिसतो.

आता दोन गोष्टी घाला, ज्या भागाकारात कुठेच बसत नाहीत. एक, निम्मी विक्री रोखीने होते आणि निम्मी उधारीवर; उधारीचे पैसे दोन महिन्यांनी मिळतात. दोन, माल विक्रीच्या दोन महिने आधी घ्यावा लागतो आणि पुरवठादार एक महिन्याची उधारी देतो, म्हणजे मालाचे पैसे विक्रीच्या महिनाभर आधी जातात. विक्रीचा आकडा तोच, खर्चाचाही तोच. फक्त पैसा हातात कधी येतो आणि हातातून कधी जातो एवढंच लिहायचं:

| महिना | आले | गेले | फरक | एकत्रित |
|---|---|---|---|---|
| १ | २० | ४५ | −२५ | −२५ |
| २ | २० | ४५ | −२५ | −५० |
| ३ | २० | ७९ | −५९ | −१०९ |
| ४ | ३० | ७५ | −४५ | −१५४ |
| ५ | ५० | १५० | −१०० | −२५४ |
| ६ | १२० | २०० | −८० | −३३४ |
| ७ | १९० | १८० | +१० | −३२४ |
| ८ | २३० | १४० | +९० | −२३४ |
| ९ | २४० | ५५ | +१८५ | −४९ |
| १० | १५० | ४५ | +१०५ | +५६ |
| ११ | १०० | ४५ | +५५ | +१११ |
| १२ | ३० | ४५ | −१५ | +९६ |

शेवटचा आकडा भागाकाराशी जुळतो, ९६. पण तिथे पोचण्याआधी हा धंदा ३३४ च्या खड्ड्यात उतरतो. वर्षाच्या नफ्याच्या साडेतीनपट जवळ नसेल, तर तो त्या नफ्यापर्यंत पोचतच नाही. या तक्त्यात सगळ्यात महत्त्वाचा रकाना शेवटचा, आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा सर्वांत खोल गेलेला, −३३४.

(तक्ता नफ्यातोट्याच्या पत्रकावरून उतरवून काढू नका. हप्त्यातली मुद्दल तिथे खर्च म्हणून दिसत नाही, पण खात्यातून जाते. घसारा खर्च म्हणून दिसतो, पण कुठे जात नाही. विक्रीवर गोळा केलेला कर आपला नसतो, आणि तो बिलाच्या तारखेवरून भरायचा असेल तर ग्राहकाने पैसे देण्याआधीच भरावा लागतो.)

हंगाम लागला की पैसा येतो, याबद्दल

सहावा महिना पुन्हा पाहा. विक्री २००, म्हणजे पाचव्याच्या अडीचपट. दुकानात गर्दी, कामगार दमलेले, मालक खूश. आणि त्याच महिन्याअखेर रोख वर्षातल्या सर्वांत खालच्या पातळीवर. कारण त्या महिन्यात सातव्या महिन्याच्या मालाचे १५० दिले जातात, तर विक्रीतले १०० अजून उधारीत अडकलेले असतात. विक्री जितक्या वेगाने चढते, तितका पैसा आधी बाहेर ओतावा लागतो.

म्हणून "मंदीच्या महिन्यांसाठी तरतूद" ही मांडणीच दिशाभूल करते. पहिले तीन मंद महिने मिळून १०९ खातात, त्यातले २४ विमा आणि कराचे. चौथ्या ते सहाव्या महिन्यांत, म्हणजे विक्री वाढत असताना, २२५ जातात. मंदी हळूहळू झिजवते. मोठा घाव तयारीच्या काळात बसतो. या धंद्यात पुढच्या वर्षी विक्री वाढवायची ठरवली तर सहाव्या महिन्याचा खड्डा उथळ होणार नाही, आणखी खोल जाईल. हे पुष्कळांना पटत नाही. तक्त्यात वाढीव विक्री घालून स्वतःच पाहावं.

तीन महिन्यांच्या खर्चाबद्दल

तीनच का, याला उत्तर नाही. खर्च म्हणजे दरमहाचा ठरलेला खर्च धरला तर तीन महिन्यांचे १०५ होतात. तिसऱ्या महिन्याअखेर ते संपून वर ४ कमी पडतात. मालासकट सगळा खर्च धरला तर २७६ होतात. त्यात पाचवा महिना निघतो, सहाव्यात ५८ कमी पडतात. उधारी, साठा आणि पुरवठादाराची मुदत बदलली की खड्ड्याची खोली बदलते, म्हणून महिन्यांच्या संख्येत दिलेला कोणताही ठोकताळा एखाद्याच धंद्याला योगायोगाने लागू पडतो.

शिवाय इथे दोन वेगळ्या रकमा एकाच नावाखाली ढकलल्या जातात. ३३४ ही गंगाजळी नव्हे. सगळं ठरल्याप्रमाणे झालं तरी लागणारं ते खेळतं भांडवल आहे. गंगाजळी ठरल्याप्रमाणे न झाल्यास लागते, म्हणून ती मोजायला दुसरा, वाईट तक्ता करावा लागतो.

या धंद्यात काय बिघडू शकतं? हंगाम महिनाभर उशिरा लागणं. मग पाचव्या महिन्यात ८० ऐवजी ४० विकले जातात, सहाव्यात २०० ऐवजी ८०, सातव्यात ३०० ऐवजी २००. पण सहाव्या महिन्यापर्यंत द्यायचे मालाचे पैसे थांबत नाहीत, कारण तो माल आधीच घेतलेला आहे. कामगारही ठेवलेले आहेत. पाचव्या महिन्यात आवक ३० वर येते आणि एकत्रित आकडा −२७४ होतो. सहाव्यात आवक ६०, आकडा −४१४. इथे मालकाने शिल्लक साठा पाहून नवी खरेदी जवळजवळ थांबवली, तर सातव्या महिन्यापासून आकडा वर येऊ लागतो. त्याने जुन्या ठरावाप्रमाणे खरेदी चालूच ठेवली, तर सातव्याअखेर −४७४.

म्हणजे गंगाजळी सावध मालकासाठी ८०, बेसावधासाठी १४०. चांगल्या आणि वाईट तक्त्याच्या तळातला फरक, एवढीच तिची व्याख्या. तुमच्या धंद्यात धोका वेगळा असेल: मोठा ग्राहक महिनाभर पैसे थकवेल, किंवा हंगाम पाचव्या हिश्शाने पडेल. ज्या एका गोष्टीची खरी भीती वाटते ती घालून तक्ता करा. सगळ्या आपत्ती एकाच वेळी घातल्या तर निघणारी रक्कम कुणालाच परवडत नाही आणि मग ती कुणी ठेवतही नाही.

एक मर्यादा सांगायला हवी. हा तक्ता महिनाअखेरचे आकडे दाखवतो. सातव्या महिन्यात १९० येतात आणि १८० जातात, फरक +१०. पण १८० पहिल्या आठवड्यात द्यायचे असतील आणि १९० शेवटच्या आठवड्यात येणार असतील, तर मधल्या काळात आकडा −५१४ असतो, आणि महिनाअखेरच्या रकान्यात त्याचा मागमूस नसतो. प्रत्यक्षात येणं-जाणं महिनाभर पसरतं, त्यामुळे इतकं टोक सहसा गाठलं जात नाही. तरी तळाच्या आसपासचे तीन महिने आठवड्यांत फोडून मांडलेले बरे. बाकी नऊ महिन्यांना तेवढी मेहनत लागत नाही.

शिल्लक दिसली की सुरक्षित, याबद्दल

समजा वर्षाच्या सुरुवातीला खात्यात बरोबर ३३४ होते. अकराव्या महिन्याअखेर तिथे ४४५ दिसतील. याच वेळी नवं यंत्र घ्यावं, मुदतीआधी कर्ज फेडावं, घरासाठी मोठी उचल करावी असं वाटतं. पण तिथून पुढच्या वर्षीच्या सहाव्या महिन्यापर्यंत खातं ३४९ ने उतरणार आहे: बाराव्यात १५, मग ३३४. मोकळे म्हणता येतील असे ९६ उरतात. त्यातून ८० ची गंगाजळी अजून उभी करायची असेल तर १६. खात्यातल्या ४४५ पैकी मालकाच्या मर्जीचे एवढेच.

पुढच्या हंगामासाठी राखायची रक्कम वेगळ्या खात्यात हलवायची ती दहाव्या-अकराव्या महिन्यात, पैसे येत असतानाच. स्वतःचे ३३४ नसतील तर बँकेकडून हंगामी कर्जमर्यादा घ्यावी लागते. तिचा आकार तळावरून ठरवा, सरासरीवरून नव्हे, आणि व्याज तक्त्यात घाला, कारण त्याने तळ थोडा आणखी खाली जातो. अर्ज वर्षाच्या सुरुवातीला करावा. पाचव्या महिन्यात, खातं रिकामं होत असताना केलेला अर्ज मंजूर व्हायला जो वेळ जाईल, त्यात पुरवठादाराची तारीख निघून गेलेली असेल. दहाव्या महिन्यात एकत्रित आकडा शून्याच्या वर येतो, तेव्हा परतफेडीची मुदतही तक्ताच सांगतो.

वर्षातून एकदा, याबद्दल

दर महिन्याला खरा आकडा अंदाजाशेजारी लिहा, संपलेला महिना काढा आणि पुढचा एक महिना जोडा, म्हणजे समोर नेहमी बारा महिने राहतात. फरक दिसला की तो कशामुळे हे आधी ठरवा. विक्री अंदाजाइतकी आहे पण आवक कमी, तर उधारी लांबते आहे. जुन्या येण्यांची यादी काढून फोन लावायचे. विक्रीच कमी आहे आणि साठा वाढतो आहे, तर हंगाम उशिरा आहे किंवा पडतो आहे. यातलं काय ते त्या क्षणी कळत नाही, पण पुढची खरेदी दोन्हीतही थांबवायची असते. वरच्या उदाहरणात तो निर्णय सहाव्या महिन्याच्या खरेदीचा आहे. पाचव्या महिन्याचा खरा आकडा सहाव्याच्या पहिल्या आठवड्यात हाताशी नसेल, तर गंगाजळी ८० ची नव्हे, १४० चीच धरा.