गाजराचा रस, व्हिटॅमिन ए आणि स्टारगार्ट

"मुलांना समोरचं धूसर दिसतं? हा स्टारगार्ट, मोबाइलमुळे होतो. रोज गाजराचा रस आणि व्हिटॅमिन एच्या गोळ्या घ्या, तीन महिन्यांत चश्मा सुटेल. अमेरिकेत एका इंजेक्शनने जीन बदलून नजर परत आणतात, डॉक्टर हे सांगत नाहीत."

हा मेसेज ताईला तीन वेगवेगळ्या नातेवाइकांनी पाठवला. माझी भाची चौदा वर्षांची. गेल्या वर्षभरात तिचा चश्मा तीनदा बदलला, तरी फळ्यावरचा शब्द दिसावा म्हणून ती मान वाकडी करून शब्दाच्या बाजूला बघते. एका डॉक्टरांनी तर "अभ्यास टाळते" असंच सांगितलं, कारण सुरुवातीला पडदा तपासताना फारसं काही दिसत नाही. शेवटी पडद्याची स्वतःची चमक टिपणारा ऑटोफ्लोरेसन्स फोटो काढला आणि जनुकीय तपासणी झाली, तेव्हा स्टारगार्ट हा डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक आजार निघाला. त्यानंतर ताईच्या फ्रिजच्या दारात मला व्हिटॅमिन एच्या कॅप्सूलची पट्टी दिसली. चार कॅप्सूल संपलेल्या.

मला सगळ्यात जास्त चीड या गोळ्यांची येते. रातांधळेपणात बऱ्याचदा व्हिटॅमिन एची कमतरता असते आणि तिथे ते देतातच, हे खरं. पण स्टारगार्टमध्ये कमतरता नसते. प्रकाश पडला की पडद्यातल्या पेशींमध्ये व्हिटॅमिन एपासून बनलेला पदार्थ वापरला जातो, आणि तो पुन्हा वापरात यावा म्हणून एक प्रथिन त्याला पेशीतल्या पातळ पडद्यापलीकडे नेतं. ते प्रथिन बनवणाऱ्या जनुकाचं नाव एबीसीए४. भाचीच्या बाबतीत ते प्रथिन नीट काम करत नाही, म्हणून तो पदार्थ तिथेच अडकतो, त्याचे दोन रेणू एकमेकांना चिकटतात आणि खालच्या थराच्या पेशींमध्ये कचरा होऊन साठतात. त्या पेशींना तो पचवता येत नाही. आधी त्या मरतात आणि मग त्यांच्यावर अवलंबून असलेल्या दृष्टीच्या पेशी. मधोमध आधी होतं, म्हणून समोरचा चेहरा धूसर दिसतो आणि कडेची वाट दिसते.

आता यात व्हिटॅमिन एचा जादा डोस घातला तर काय होईल? कचऱ्याला कच्चा माल मिळेल. २००८ साली हेच जनुक बंद केलेल्या उंदरांवर प्रयोग झाला. जादा व्हिटॅमिन ए दिलेल्या उंदरांच्या डोळ्यांत कचरा जास्त वेगाने साठला. माणसांवर असा प्रयोग कोणी मुद्दाम करणार नाही, पण म्हणूनच रेटिनाचे डॉक्टर या आजारात व्हिटॅमिन एच्या गोळ्या बंद करायला सांगतात. जेवणातली गाजराची कोशिंबीर चालते. शरीर गाजरातलं द्रव्य गरजेपुरतंच व्हिटॅमिन एमध्ये बदलतं. गोळीचं तसं नसतं.

मोबाइलचं एका वाक्यात: त्याचा संबंध नाही, दोन्ही पालकांकडून या जनुकाची एकेक बिघडलेली प्रत आली की हा आजार होतो, आणि पालकांची नजर उत्तम असते कारण त्यांच्याकडे दुसरी प्रत चांगली असते. कडक उन्हात गॉगल घालायला सांगतात, तेवढं मानू.

आणि ते "एक इंजेक्शन". अर्धसत्य म्हणून मान्य, कारण अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये जीन थेरपीचं एक औषध मंजूर झालं. पण ते आरपीई६५ या दुसऱ्या जनुकाच्या आजारासाठी आहे, आणि तेही शस्त्रक्रिया करून पडद्याखाली सोडतात. भाचीला ते लागू होत नाही. जनुक पेशीत पोहोचवायला एक निरुपद्रवी विषाणू वापरतात, त्यात डीएनएच्या सुमारे ४,७०० अक्षरांची जागा असते. आरपीई६५ त्यात आरामात बसतं. एबीसीए४ चा मजकूर सुमारे ६,८०० अक्षरांचा, तो मावतच नाही.

मोठा विषाणू वापरून २०११ पासून माणसांवर चाचणी झाली. नजरेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही, उलट काही डोळ्यांत खालच्या थराचा ऱ्हास वाढलेला दिसला. आता जनुकाचे दोन तुकडे दोन विषाणूंमध्ये पाठवतात. दोन्ही एकाच पेशीत शिरले तरच पुढे प्रथिनाचे अर्धे भाग जोडले जाऊन पूर्ण प्रथिन बनतं. या पद्धतीच्या चाचण्या माणसांवर सुरू झाल्या आहेत, पण अजून सुरुवातीच्या टप्प्यात. आणि हे यशस्वी झालं तरी मेलेल्या पेशी परत येणार नाहीत. उरलेल्या वाचवणं हा उद्देश आहे.

म्हणूनच गोळ्यांचा राग येतो. उद्या उपचार आला तर तो उरलेल्या पेशींवरच चालेल, आणि आपण आजच त्या खर्ची घालतोय. ताईने ती पट्टी फेकली. दाजींचा आणि तिचा रक्ताचा नमुनाही दिलाय, भाचीच्या रिपोर्टमधले जनुकातले दोन बदल खरंच एकेका पालकाकडून आलेत का ते बघायला. दोन्ही बदल एकाच प्रतीवर असतील, तर दुसऱ्या प्रतीतला दोष अजून सापडायचा आहे असा अर्थ होतो, आणि नव्या उपचाराच्या चाचणीत नाव घालताना हे विचारतात.