संपर्क क्षेत्राच्या बाहेर, अर्थात आमची बेडरूम

दोन वर्षांपूर्वी आम्ही कोथरूडमधली वीटकामाची जुनी इमारत सोडून बाणेरच्या बाजूला एका चौदा मजली इमारतीत नवव्या मजल्यावर राहायला आलो. फ्लॅट दाखवणाऱ्या तरुणाने भिंतीवर बोटांची पेरे आपटून मोठ्या अभिमानाने सांगितले होते, "साहेब, अख्ख्या घरात एक वीट सापडली तर सांगा. सगळं मायव्हनचं काम आहे." माठ घेताना वाजवून पाहावा तशी मीही भिंत वाजवून पाहिली आणि काही कळत असल्यासारखी मान डोलावली. त्या अर्ध्या तासात माझा फोन एकदाही वाजला नाही, याचा मला त्या वेळी आनंद झाला होता. घर किती शांत आहे, असे मी सौभाग्यवतींना म्हणालोही.

राहायला आल्यावर त्या शांततेचा उलगडा होऊ लागला. सिलिंडरवाला खालून फोन करून कंटाळून निघून जाई. कुरियरवाला "ग्राहक फोन उचलत नाही" असा शेरा मारून पार्सल परत नेई. बँकेचा ओटीपी त्याची मुदत संपल्यावर सावकाश प्रकट होई. मी बेडरूममध्ये पलंगावर आडवा पडलेला असताना जगाला मात्र मी संपर्क क्षेत्राच्या बाहेर असल्याचे कळवले जात होते. सांगलीहून आई रोज रात्री आठ वाजता फोन करते. तो फोन घेण्याची खात्रीची जागा घरात एकच होती, ती म्हणजे स्वयंपाकघरामागची ड्राय बाल्कनी. तिथे वॉशिंग मशीन आणि वाळत घातलेले कपडे यांच्यामध्ये उभे राहून मी आईच्या गुडघ्याची चौकशी करीत असे. आईला कमी ऐकू येत असल्याने ती चौकशी मोठ्याने होई. वरच्या, खालच्या आणि समोरच्या ड्राय बाल्कन्यांतही माझ्यासारखेच कोणी ना कोणी उभे असे. त्यामुळे कोणाच्या साहेबाने रजा नाकारली आणि कोणाच्या मेहुण्याने पैसे बुडवले हे सगळ्यांना माहीत होते, आणि आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन करावे की नाही यावर इमारतीत स्पष्ट दोन तट पडले होते.

मी सिम बदलले, मग फोन बदलला, मग कंपनीकडे तक्रार केली. "आपल्या परिसरात आमचे कव्हरेज उत्तम आहे," असे उत्तर आले, आणि ते शब्दशः खरे होते. परिसरात कव्हरेज उत्तमच होते, फक्त मी परिसरात न राहता घरात राहत होतो.

अखेरीस सातव्या मजल्यावरचे काका मदतीला आले. दूरसंचार खात्यात हयात घालवून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी प्रथम मला फोनवरच्या दांड्या मोजणे बंद करायला लावले, कारण किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा आपल्या मर्जीने ठरवतो. त्यांनी माझ्या फोनच्या सेटिंगमध्ये About phone आणि त्याच्या पोटात SIM status उघडून डीबीएम या सिग्नलच्या मापातला खरा आकडा काढला. मग एखाद्या वास्तुतज्ज्ञाच्या गांभीर्याने आम्ही घरभर फिरलो. ड्राय बाल्कनीत उणे ८४, हॉलमध्ये उणे ९६, बेडरूममध्ये उणे ११४ आणि न्हाणीघरात "नो सर्व्हिस".

"म्हणजे तीसचाच फरक आहे की," मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडे दयेने पाहिले. या मापात दर दहा अंकांना सिग्नल एकदशांश होतो, म्हणजे वीस अंकांना शंभरावा भाग आणि तीस अंकांना हजारावा. बाल्कनीत येणाऱ्या सिग्नलचा हजारावा हिस्सा माझ्या पलंगापर्यंत पोहोचत होता, आणि त्यावर मी आईचा गुडघा, सिलिंडर आणि गृहकर्जाचा ओटीपी एवढा संसार चालवू पाहत होतो.

आमच्या जुन्या इमारतीत फक्त खांब आणि तुळया काँक्रीटच्या होत्या, मधल्या भिंती विटांच्या. मायव्हन पद्धतीत ॲल्युमिनियमचे साचे उभे करून भिंती आणि छत एकदमच ओततात, त्यामुळे सहा इंचांची प्रत्येक भिंत सळयांच्या जाळीसकट अखंड काँक्रीटची होते. मोबाइलची लहर तिच्यावर आदळली की काही भाग पृष्ठभागावरूनच परत फिरतो, आणि आत शिरलेला काही भाग काँक्रीट गिळून टाकते. काँक्रीट वरून कोरडे दिसले तरी त्याच्या पोटात ओलावा असतो आणि पाणी या लहरींचे जुने वैरी आहे. उरलेल्यांचा समाचार सळया घेतात. ९०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३३ सेंटिमीटर लांब असते आणि सळयांमधले अंतर साधारण १५ ते २० सेंटिमीटर, तेव्हा तिला त्या चौकटींतून अंग चोरून जावे लागते. १८०० किंवा २३०० मेगाहर्ट्झच्या लहरी त्याहून आखूड असल्याने जाळीतून तुलनेने सहज निसटतात, पण त्यांना काँक्रीटच जास्त खाते. जाळी आणि काँक्रीट यांनी आपापसांत काम वाटून घेतले आहे, आणि दोघेही कामचुकार नाहीत. माझ्या पलंगाच्या आणि टॉवरच्या मध्ये अशा दोन भिंती होत्या.

"मग खिडकीतून येतो की नाही?" मी आशेने विचारले. घरात पोहोचणारा बराचसा सिग्नल खिडक्यांतूनच येतो, हे काकांनी मान्य केले. मग ते खिडकीपाशी गेले आणि तिथली डासांची जाळी त्यांनी नखाने वाजवून पाहिली. ती स्टेनलेस स्टीलची होती. नायलॉनची फाटते म्हणून सौभाग्यवतींनी आग्रहाने जास्त पैसे देऊन ती बसवून घेतली होती. तिच्या बारीक छिद्रांतून डास जात नाही, आणि सोळा सेंटिमीटरच्या लहरीपैकीही फार थोडी जाते. या शोधाची वाच्यता मी घरात अद्याप केलेली नाही.

आणखी एक कोडे त्यांनी सोडवले. मला आईचे बोलणे नीट ऐकू येई, तिला मात्र माझे तुटक तुटक ऐकू जाई, आणि याचा दोष ती माझ्या लहानपणापासूनच्या पुटपुटण्याच्या सवयीला देई. खरे कारण असे की, टॉवर कित्येक वॅटच्या जोराने बोलतो आणि माझ्या फोनचा कमाल आवाज ०.२ वॅट. त्याची हाक भिंती ओलांडून येते, माझी ओ वाटेतच विरते. टॉवरला ऐकू जावे म्हणून फोन मग पूर्ण जोर लावतो आणि त्या भरात तापतो. संध्याकाळपर्यंत माझी बॅटरी का संपते, हेही त्यामुळे कळले.

माझ्या मनात ऑनलाइन मिळणारा एक सिग्नल बूस्टर भरला होता. काकांनी तो बेत जागीच मोडून काढला. असा रिपीटर परवान्याशिवाय बसवणे बेकायदेशीर आहे, आणि तो टॉवरच्या कानाशी असा गोंगाट करतो की अख्ख्या आळीचे फोन बिघडतात. "भिंत फोडायचा नाद सोडा," ते म्हणाले. "तुमच्या घरात एक तार आधीच भिंतीतून आत आलेली आहे, ती वापरा."

ती तार इंटरनेटची होती आणि उपाय होता वाय-फाय कॉलिंग. आपल्याकडे ही सोय २०१९ च्या डिसेंबरात आली, आणि माझ्या फोनमध्ये ती पहिल्या दिवसापासून बंद अवस्थेत पडून होती. मला वाटले, हे कुठलेसे ॲप असणार आणि ते आईला सांगलीत उतरवून घ्यायला शिकवावे लागणार, म्हणजे त्यापेक्षा बाल्कनी बरी. तसे काही नव्हते. फोन आपल्या वाय-फायवरून मोबाइल कंपनीच्या एका प्रवेशद्वारापर्यंत कुलूपबंद बोगदा खणतो, तिथे सिमकार्ड दाखवून आपली ओळख पटवतो आणि पुढे नेहमीच्याच नंबरावरून नेहमीचाच कॉल चालतो. पलीकडच्या माणसाला स्मार्टफोन लागत नाही आणि काही कळतही नाही. टॉवरची जागा राउटर घेतो, एवढेच. एका मिनिटाच्या बोलण्याला साधारण एक मेगाबाइट डेटा पुरतो.

सिमच्या सेटिंगमध्ये Wi-Fi calling नावाचे बटण मी दाबले. माझी दोन सिमे आहेत आणि प्रत्येकाचे बटण वेगळे असते. मी आधी नेमके आईकडे नसलेल्या नंबराचे बटण दाबून दोन दिवस चमत्काराची वाट पाहिली, हा तपशील काकांना सांगितलेला नाही. काम खरोखर वाय-फायवर चालले आहे का, याची परीक्षा सोपी आहे. फोन विमान मोडवर टाकावा, मग फक्त वाय-फाय पुन्हा चालू करावे आणि कॉल लावावा. मी न्हाणीघरात जाऊन, दार लावून, विमान मोडवरून सांगलीला फोन लावला. "आज आवाज अगदी स्वच्छ येतोय," आई म्हणाली, "पण घुमतोय. कुठे आहेस तू?" मी देवळात आहे असे सांगितले.

आठवडाभर सुखाने गेला आणि मग बेडरूममधला आवाज पुन्हा चिरकू लागला. राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे होता, आणि वाय-फाय झाले तरी तीही लहरच. तिच्या वाटेतही त्याच दोन भिंती होत्या. फोनने ५ गिगाहर्ट्झचा पट्टा धरला होता, तो वेगवान खरा, पण भिंतीपुढे हात टेकतो. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा मंद असला तरी भिंतीतून बरा जातो आणि बोलण्याला तेवढा पुरतो. फोन त्यावर जोडला आणि राउटर घराच्या मध्यावर, पॅसेजमध्ये, देव्हाऱ्याच्या शेजारी टांगला. सौभाग्यवती आता सकाळी देवांवरची जुनी फुले काढताना राउटरवरची धूळही पुसतात.

कॉल चालू ठेवून घराबाहेर पडण्याचे धाडस मात्र मी करीत नाही. व्होल्टी, म्हणजे ४जी नेटवर्कवरून बोलण्याची सोय, चालू असेल तर कॉल वाय-फायवरून टॉवरवर न तुटता सरकतो, पण त्यासाठी सरकायला टॉवर हाती लागावा लागतो. आमच्या दारापासून लिफ्टपर्यंत चहूकडे काँक्रीट आहे. तिथे वाय-फाय संपलेले असते आणि टॉवर सुरू झालेला नसतो, आणि आतला कॉल त्या पंधरा पावलांत प्राण सोडतो.

परवा रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी, आई गुडघ्याच्या ताज्या एक्स-रेबद्दल सांगत असताना, वीज गेली. इमारतीचा जनरेटर लिफ्ट आणि जिन्यातले दिवे चालवतो, घरातल्या राउटरशी त्याचा संबंध नाही. देव्हाऱ्याशेजारचे हिरवे दिवे मालवले, फोन उणे ११४ वर येऊन धापा टाकू लागला आणि आईचे वाक्य अर्ध्यावर तुटले. मी अंधारात चाचपडत ड्राय बाल्कनी गाठली. दोन मजले खाली काका उभे होते. त्यांनी मान वर करून "राउटरला छोटा यूपीएस घ्या, सांगायचं राहिलंच," असे ओरडून सांगितले. मी सांगलीचा नंबर फिरवणार, तोच समोरच्या बाल्कनीतल्या काकूंनी कठड्यावर ओणवे होत विचारले, "अहो, तुमच्या आईंचं ऑपरेशनचं काय ठरलं शेवटी? दोन महिने झाले, आम्हाला काही कळलंच नाही."