पहाटे पावणेपाचचा फोन

मागच्या वर्षी लेकीच्या पदवीदानाला इंग्लंडला गेलो, तेव्हा तिथलं प्रीपेड सिमकार्ड घेतलं होतं. परत आल्यावर ते टाकून द्यायचं, तर आमच्या मध्यमवर्गीय जिवाला ते काही जमेना. "पुन्हा जायचंच आहे, नंबर कशाला घालवा?" म्हणून ते फोनच्या दुसऱ्या खणात पडून होतं. शिल्लक १० पौंड. परवा सहज पाहिलं तर ३.९०.

सहा पौंड दहा पेन्स! साडेसहाशे रुपयांच्या वर. मी तर त्या सिमवरून कुणाला मिस्ड कॉलसुद्धा दिला नव्हता. कंपनीच्या ॲपमध्ये वापराचा तपशील उघडला, तर दोन दिवशी या अशा जोडओळी. त्यातली पहिली जोडी:

```
04:42  Received (India)  00:38  £1.40
04:42  Voicemail         00:38  £1.65
```

झालं, डोकं फिरलं. स्क्रीनशॉट काढला आणि तक्रार लिहायला बसलो. चौकटीत ५०० अक्षरं मावत होती आणि आमच्या इंग्रजीला सुरुवातीच्या नमस्कारालाच दोनशे लागतात. 'सविनय निवेदन' कापलं, 'आपला विश्वासू' कापलं, पण मुद्दा ठणकावून ठेवला. पहाटे ४ वाजून ४२ मिनिटांनी मी बोरिवलीत माझ्या घरी गाढ झोपलो होतो, याला माझी पत्नी साक्षीदार आहे.

पत्नी साक्षीला उभी राहिलीच, पण वेगळ्या मार्गाने. स्क्रीनशॉटच्या वरच्या कडेला तिचा मेसेज आला होता. 'अहो, येताना कोथिंबीर आणा. मागच्या वेळसारखी सुकलेली नको.' पाठवून झाल्यावर दिसलं.

उत्तर अतिशय अदबीने आलं. झालेल्या त्रासाबद्दल खेद, पण आकारणी बरोबर आहे. तळाला एक ओळ होती, सर्व वेळा ब्रिटनच्या आहेत. आता उन्हाळ्यात ब्रिटन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. ४:४२ म्हणजे आपले ९:१२. त्या वेळी मी झोपलेलो नव्हतो, तर चर्चगेट लोकलमध्ये एका पायावर उभा होतो. दुसरा पाय कुणाच्या तरी बॅगेवर होता आणि फोन माझ्याच खिशात वाजत असला तरी तिथे माझा हात पोहोचायला दादर यावं लागतं.

साक्षीदारासकट खोटा ठरलो. पण म्हणजे फोन आला होता आणि मी उचलला नव्हता. मग न उचललेल्या फोनचे पैसे कसले, आणि तेही दोनदा?

कोडं सोडवलं खालच्या मजल्यावरच्या काकांनी. त्यांचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी स्क्रीनशॉट पाहिला आणि म्हणाले, "दोन्ही ओळींची वेळ एक, सेकंदंही एक. हे दोन फोन नाहीत रे, एकाच फोनच्या दोन फेऱ्या आहेत."

झालं होतं ते असं. इंग्लंडमधून कुणीतरी माझा नंबर फिरवला. तिथल्या नेटवर्कला ठाऊक होतं की स्वारी मुंबईत आहे, म्हणून फोन मुंबईत आला. मी उचलला नाही. तेव्हा इथल्या नेटवर्कने 'न उचलल्यास व्हॉइसमेलला पाठवा' हा माझ्या नंबरावर कंपनीने नोंदवून ठेवलेला जुना हुकूम पाळला, आणि व्हॉइसमेल इंग्लंडात! फोन आल्या पावली परत गेला. नुसतं वाजलं त्याचे पैसे नाहीत, पण पलीकडे व्हॉइसमेलने 'उचलल्या'क्षणी दोन्ही फेऱ्यांचं मीटर पडलं. जायचं भाडंही माझं, यायचंही माझं. प्रवास मात्र मी बोरिवली ते चर्चगेटच केला. ३८ सेकंदांचं बिल पूर्ण मिनिटाचं, हे तर रिक्षावाल्यालाही सुचलं नसतं.

"फोन बंद ठेवला असतास तर एक पैसा पडला नसता," काका म्हणाले. "मग तिथल्या तिथेच व्हॉइसमेलला गेला असता, इथवर आलाच नसता. तू चालू ठेवलास, तिथेच फसलास."

त्यांनी तिथेच त्या सिमवरून `##002#` फिरवायला लावलं. स्क्रीनवर वळवलेले सगळे फोन रद्द झाल्याचं आलं. आता न उचललेला फोन वाजून वाजून गप्प बसतो, आपल्याकडच्या नातेवाइकांसारखा.

दुसरी तक्रार मी छोटी लिहिली. झोपेचा उल्लेख नाही, दोन ओळींची सारखी वेळ तेवढी दाखवली. स्क्रीनशॉट वरून कापला. या वेळी उत्तर आलं की नियमाप्रमाणे आकारणी योग्यच आहे, तरी सद्भावना म्हणून ३.०५ पौंड परत करत आहोत. म्हणजे एका फोनचे. दुसऱ्याबद्दल त्यांची सद्भावना संपली असावी.

हे सगळं घरी सांगितलं तर बायकोचा प्रश्न वेगळाच. "अहो, पण फोन कुणाचा होता?"

व्हॉइसमेलमध्ये दोन निरोप पडून आहेत. ऐकायचे तर इथून मिनिटाला १.६५ पौंड पडतात. ती रोज विचारते.