खेड्यातल्या भाडेकरूची पडताळणी आणि एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

"भाडेकरूची पोलीस पडताळणी हा शहरातला नियम आहे, खेड्यात लागत नाही. आधारची झेरॉक्स घेऊन ठेवली की घरमालक मोकळा. आणि आल्या आल्या कागद मागितले तर चांगला माणूस दुखावतो, म्हणून आधी राहू द्या, कागद मग पाहा."

पहिल्या वाक्यात थोडे तथ्य आहे आणि म्हणूनच ते फसवे आहे. पोलिसांना भाडेकरूची माहिती देण्याचे बंधन बहुतेक वेळा जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा शहरात पोलीस आयुक्त यांच्या मनाई आदेशातून येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघणारा असा आदेश सर्वसाधारणपणे दोन महिन्यांपेक्षा जास्त काळ टिकत नाही. राज्य सरकारने मुदत वाढवली, तरच तो पुढे चालतो. त्यामुळे एका तालुक्यात आज बंधन असेल आणि शेजारच्या तालुक्यात नसेल, असे घडू शकते. मात्र आदेशाच्या हद्दीत गाव येत असेल, तर ते खेडे आहे म्हणून कुणाला सूट मिळत नाही. आदेश मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ नुसार सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, २५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि माणसाच्या जिवाला धोका निर्माण झाला असेल तर ही मर्यादा वाढते. फिरत्या संदेशांत अजून कलम १४४ आणि १८८ चा उल्लेख असतो. ही दोन्ही कलमे १ जुलै २०२४ पूर्वीच्या कायद्यांतली आहेत, त्यामुळे ती दिसली की मजकूर जुना आहे हे ओळखावे. सध्या आपल्या गावाला आदेश लागू आहे का, हे ठाणेदारांकडे किंवा बीट जमादारांकडे एकदा विचारले की कळते.

आदेश नसला तरी माहिती देण्यास कुणाची आडकाठी नाही. गावात पोलीस पाटील असतात आणि गावातील परिस्थिती पोलिसांना कळवणे हे त्यांचे कामच आहे. तथापि त्यांच्या कानावर घालणे हा लेखी नोंदीचा पर्याय नव्हे. अर्ज ठाण्यात द्यावा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी.

झेरॉक्सचा मुद्दा जास्त गंभीर आहे, कारण घरमालक तिथेच सर्वांत जास्त निर्धास्त होतात. आधारची झेरॉक्स म्हणजे फक्त एका कार्डाचे चित्र असते आणि ते कार्ड खरे आहे की नाही हे चित्रावरून कळत नाही. आधार प्राधिकरणाच्या क्यूआर स्कॅनर अॅपने मूळ कार्डावरचा किंवा पीडीएफवरचा क्यूआर वाचला, तर नाव आणि फोटो समोर येतात आणि ते समोरच्या माणसाशी जुळवता येतात. झेरॉक्सवरचा पुसट क्यूआर मात्र पुष्कळदा वाचलाच जात नाही. शिवाय आधारवरचा पत्ता जुना असू शकतो, त्यामुळे तेवढ्यावरून कायमचा पत्ता मानून चालत नाही.

विदर्भात आणखी एक अडचण दिसते. कापसाच्या हंगामात जिनिंगसाठी ठेकेदार माणसे आणतो, एका जणाचे आधार घरमालकाला मिळते आणि खोलीत राहायला पाच-सहा जण येतात. नोंद एकाची होते आणि बाकीचे कागदावर नसतातच. म्हणून खोलीत राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे नाव, फोटो आणि ओळखपत्र हवे, तसेच ठेकेदाराचे नाव आणि मोबाइल क्रमांकही हवा.

दुखावण्याचा मुद्दा मात्र पूर्णपणे मागणीच्या भाषेवर अवलंबून आहे. "आधार पाठवा, नाहीतर खोली मिळणार नाही" असे लिहिले तर कुणालाही वाईट वाटेल. आता समजा, मुलताईकडचा एक फिटर पत्नीसह हिंगणघाटजवळच्या गावात दोन खोल्या घेत आहे, बोलणी झाली आहेत आणि आगाऊ रक्कम अजून द्यायची आहे. घरमालकाने त्याला असे लिहावे:

"नमस्कार भाऊ. आपण १ तारखेपासून आमच्या खोल्यांत राहायला येत आहात, त्याबद्दल आनंद आहे. आमच्याकडे राहायला येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची माहिती आम्ही पोलीस ठाण्यात देतो. आधीच्या भाडेकरूंचीही दिली होती. यात आपल्यावर कसलाही संशय नाही. उद्या घरात काही अडचण आली, तर आपण येथे केव्हापासून आणि कोणत्या नात्याने राहता, हे आपल्या व आमच्या दोघांच्याही हाती लेखी असावे, एवढाच हेतू आहे. त्यासाठी आपला व वहिनींचा एकेक फोटो, मास्क केलेल्या आधारची प्रत किंवा मतदार ओळखपत्र, गावाकडचा पूर्ण पत्ता, कामाच्या ठिकाणाचे नाव आणि गावाकडच्या एका नातेवाइकाचा क्रमांक हवा. कागद व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. चावी घ्यायला याल तेव्हा सोबत आणा, आपण एकत्र फॉर्म भरू. ठाण्यात आधारचा पूर्ण क्रमांक विचारला तर तो आपणच तिथे सांगावा. पोच मिळाली की तिची एक प्रत मी आपल्याला देईन."

या मजकुरातील तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. आधीच्या भाडेकरूंचा उल्लेख आल्याने मागणी एका माणसावर रोखलेली राहत नाही. अर्थात ते खरे असेल तरच लिहावे. मास्क केलेल्या आधारवर बारापैकी शेवटचे चारच अंक दिसतात आणि तसे कार्ड myaadhaar.uidai.gov.in वरून उतरवता येते, म्हणजे भाडेकरूचा पूर्ण क्रमांक घरमालकाच्या मोबाइलमध्ये वर्षानुवर्षे पडून राहत नाही. प्रतीवर "फक्त भाडेकरू माहितीसाठी" असे लिहून भाडेकरूने तारखेसह सही करावी, म्हणजे तीच प्रत दुसरीकडे वापरणे अवघड होते. तिसरी गोष्ट पोचेच्या प्रतीची आहे. ती देण्याचा शब्द दिला की माहिती घेणे एकतर्फी राहत नाही.

काय मागायचे नाही, हेही सांगितले पाहिजे. बँकेचे पासबुक, ओटीपी किंवा पगाराची स्लिप यांचा या कामाशी संबंध नाही. "आपण कोणत्या समाजाचे?" हा प्रश्न आपल्याकडे सहज विचारला जातो, पण माणूस कोण आहे हे ओळखण्यासाठी नाव, फोटो आणि पत्ता पुरेसे असतात.

"आधी राहू द्या" हा सल्ला व्यवहारातही टिकत नाही. एकदा सामान आत गेले आणि चावी हातात आली की कागद देण्याची निकड भाडेकरूला उरत नाही, आणि ते मागणारा घरमालक मात्र रोज तगादा लावणारा ठरतो. भिडस्त माणसाला नंतर मागणेच जास्त जड जाते. म्हणून कागद, भाडेकरार आणि आगाऊ रक्कम यांची वेळ एकच ठेवावी. मूळ कार्ड गावी राहिले असेल तर दुसरे ओळखपत्र चालवून घ्यावे आणि राहिलेला कागद कोणत्या तारखेपर्यंत येईल ते करारात लिहावे. तारीख सतत पुढे जात असेल, गावचा पत्ता दर वेळी वेगळा सांगितला जात असेल किंवा नातेवाइकाचा क्रमांक लागतच नसेल, तर चावी देण्याआधी ठाण्यात विचारावे.

पोलिसांकडून मिळणारी पोच म्हणजे माहिती पोहोचल्याची नोंद असते. भाडेकरूच्या वर्तणुकीचा तो दाखला नसतो. चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र हवे असेल तर त्याचा अर्ज स्वतंत्र करावा लागतो. पोच मिळाली म्हणून पोलिसांनी माणसाला मान्यता दिली, असे शेजाऱ्यांना सांगत फिरू नये. भाडेकरू खोली सोडून गेला की तेही ठाण्यात लेखी कळवावे आणि आपल्याकडच्या त्याच्या ओळखपत्राच्या प्रती त्याला परत द्याव्यात किंवा त्याच्यासमोर फाडून टाकाव्यात.