टपावरच्या बशा

शाहूपुरीतल्या आमच्या कट्ट्यावर वाद पेटायला काहीही पुरतं. परवा निमित्त झालं एका फोटोचं. दिग्याच्या भाच्यानं रुकडीजवळ रुळाच्या वळणावरून सकाळच्या धुक्यात गाडीच्या तोंडाचा फोटो काढला होता. गाडी समोरून, जरा तिरकी येताना. सपाट तोंड, दोन मोठ्या काचा, लागलेला हेडलाईट आणि वर तारा. इंजिनावर काय लिहिलंय ते धुक्यात वाचता येत नव्हतं. भाच्यानं विचारलं होतं, "मामा, डिझेल का इलेक्ट्रिक?" आणि मामानं छातीठोक उत्तर देऊन टाकलं होतं, डिझेल.

"कशावरून रे?" संत्यानं विचारलं.

"पँटोग्राफ कुठाय त्यात? तारेला लागलेला दांडा दिसतोय का तुला?"

संत्या हसला. "आणि वर तारा कशाला हायत मग? कपडे वाळत घालायला?"

दिग्याचं म्हणणं असं की तारांखालून डिझेलही पळतं, त्यामुळं तारेवरून काही ठरत नाही. यात तो बरोबर होता, आणि एवढ्याच बाबतीत बरोबर होता. विजेवर चालणाऱ्या मार्गावर डिझेल इंजिनाला कुणी मज्जाव केलेला नाही. तार मार्गाची खूण आहे, इंजिनाची नव्हे. मी आपला मध्येच म्हणालो, "सपाट तोंड आहे, म्हणजे डेमू असंल." डेमू म्हणजे वेगळं इंजिन नसलेली, पुढच्या डब्यातच इंजिन असणारी गाडी. मिरजेला जाताना तिचं तोंड डोळ्यात बसलेलं, दुसरं काय.

म्हणजे एका फोटोची तीन उत्तरं झाली. मिसळ पणाला लागली आणि तेवढ्यात आण्णा आले. आण्णांनी मिरजेच्या बाजूला इंजिनावर असिस्टंट म्हणून बरीच वर्षं काढली आहेत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाईल नाकाजवळ नेला आणि पहिलं वाक्य टाकलं, "तोंडाकडं कशाला बघताय? टप बघा."

फोटो मोठा केला. काचांच्या वर, टपाच्या कडेला लागून एक बारीक आडवी पट्टी दिसत होती. दोन्ही टोकं खाली वळलेली, गावाकडच्या पाटलाच्या मिशीसारखी.

"हा पँटोग्राफ," आण्णा म्हणाले. "मिटलेला. झोपवलाय त्याला."

"झोपवला तर गाडी कशावर चालतीय?" दिग्या सोडतोय होय.

"मागच्यावर. टपावर दोन असतात, एक ह्या टोकाला, एक त्या टोकाला. चालताना एकच वर करायचा, आणि आपल्याकडं रीत मागचा करायची. उचललेला पँटो तारेत अडकून मोडला तर त्याचे तुकडे मागं पडतात. पुढचा वर असता आणि मोडला, तर तुकडे टपावरच्या सगळ्या सामानावर आणि मागच्या पँटोवर आदळत गेले असते. मग गाडी तिथंच बसली." थोडं थांबून म्हणाले, "मागचा बिघडला तर पुढचा वर करून गाडी नेतात. म्हणून पुढचा वर दिसला तर लगेच फोटो खोटा म्हणू नका."

म्हणजे दिग्याचा सगळा पुरावाच उलटा निघाला. समोरून काढलेल्या फोटोत मागचा उचललेला दांडा पंधरा-वीस मीटर मागं असतो. धुक्यात तो तारांच्या गुंत्यात मिसळून जातो. 'दिसत नाही' आणि 'नाही' यात फरक आहे, हे तो मान्य करेना. "मिशी म्हणताय ती शिडी कशावरून नसंल?"

मग आण्णांनी खरी गंमत दाखवली. मिशीच्या खाली राखाडी रंगाचे ठेंगणे खांब होते. अजून मोठं केल्यावर खांबाला चकत्या दिसल्या, एकावर एक पालथ्या घातलेल्या बशांसारख्या.

"ह्या बशा म्हणजे इन्सुलेटर. तारेत २५,००० व्होल्ट. तो करंट जिथं जिथं टपावरून जातो, तिथली प्रत्येक वस्तू पत्र्यापासून अशी उचलून धरावी लागते. बशा का? पावसात, धुळीत करंटला पृष्ठभागावरून सरपटत खाली यायचं असंल तर प्रत्येक बशीची कड चढून-उतरून यावं लागतं. वाट लांबते. डिझेलच्या टपावर ह्यांचं काय काम? त्याची वीज आत तयार होते आणि आतल्या आत मोटरला जाते."

पँटो लपू शकतो, बशा सहसा लपत नाहीत. मला तर त्या दिवसापासून इस्त्रीवाल्याच्या दुकानाबाहेरच्या खांबावरही बशाच दिसायला लागल्यात.

"मग डिझेलच्या टपावर काय?" संत्यानं विचारलं.

"धुराडं, रेडिएटरचे गोल पंखे, ब्रेकच्या जाळ्यांची पेटी. आणि काजळी. तिरक्या फोटोत अजून एक बघायचं. बहुतेक डिझेलचं अंग केबिनीपेक्षा अरुंद, आणि त्याच्या कडेनं चालायला पट्टी अन् कठडा. आता दोन्हीकडं केबिन असलेली डिझेलं आलीत, डब्ल्यूडीपी ४ डी सारखी. समोरून ती फसवतात. पण जरा बाजूनं बघितलं की कठडा चहाडी करतो." भाच्याच्या फोटोत कठडा नव्हता. बाजूचा पत्रा केबिनीच्या रुंदीचा, सरळ मागं गेलेला.

मिसळ संत्याला जाणार असं दिसल्यावर मी माझी डेमू पुढं सरकवली. आण्णांनी ती एका वाक्यात उडवली, "डेमू डिझेलची. बशा नाहीत." पण मग स्वतःच म्हणाले की प्रश्न मेमूचा विचारायला हवा होता. मेमू विजेची, तिच्या पुढच्याच मोटर डब्यावर पँटो असतो, म्हणजे बशाही आल्या आणि मिशीही आली.

"मग हे इंजिनच, मेमू नव्हे, हे कसं?"

"केबिनीच्या मागं बघ. प्रवाशांच्या खिडक्या आहेत? चढायचं दार? मेमूचं पहिलं वाहन म्हणजे डबाच. ड्रायव्हरच्या मागं माणसं बसलेली असतात. ह्याच्या अंगावर नुसत्या हवेच्या जाळ्या. आणि मागं बघ, टपाची रेघ तुटतीय. इंजिनाचं टप सामानानं भरलेलं, त्याच्या मागं डब्याचं टप गुळगुळीत." डेमूत मधली गत असते म्हणे. पुढच्या डब्यात आधी इंजिनाची खोली, तिला जाळ्या, आणि त्यानंतर खिडक्या सुरू.

इथं दिग्यानं शेवटचा डाव टाकला. "म्हणजे पहिल्या वाहनावर बशा नाहीत तर डिझेलच, असं ना?"

"आपल्या वंदे भारतला काय म्हणशील मग?" आण्णा म्हणाले. पुण्याला जाणारी वंदे भारत आठ डब्यांची, सगळी विजेवर. पण तिच्या नाकाच्या डब्यावर पँटो नाही. तो आत, टोकापासून तिसऱ्या डब्यावर असतो, कारण ट्रान्सफॉर्मर त्याच डब्याच्या पोटाखाली. समोरून फोटो काढला तर टपावर दिसतील ते एसीचे खोके, आणि कुणीतरी त्यांना पंखे समजून डिझेल म्हणून मोकळा होईल. दिग्यानं 'कुणीतरी' कडं लक्ष दिलं नाही.

मिसळ दिग्याकडून ठरली. पण त्यानं तेवढ्यात भाच्याचा दुसरा फोटो काढला. प्लॅटफॉर्मवर खाली बसून, अगदी तोंडासमोरून घेतलेला. काचा, बफर, कपलर सगळं लख्ख, आणि टपाचा एक इंचही नाही.

आण्णांनी तो दोनदा मोठा केला, दोनदा लहान केला आणि मोबाईल परत दिला.

"ह्याच्यावर मी बोलणार नाही. पोराला सांग, जिन्यावर चढून पुलावरून काढ म्हणावं."

"अंदाज तरी?"

"अंदाजाची मिसळ मी खात नाही," म्हणत आण्णांनी कट वाढवून मागितला.