सॉरी कुठे ठेवायचं

"मामा, ऑफिसच्या मेलमधून सॉरी काढून टाकलं तर मी उद्धट वाटेन. ठेवलं तर कोणी मनावर घेत नाही. मग लिहू तरी कसं?"

भाचीनं हे घरच्या ग्रुपवर विचारलं. बुधवार होता, माझा पापादाख, म्हणजे नेदरलँड्समध्ये बाप आठवड्यातून एकदा मुलांसाठी सुट्टी घेतो तो दिवस. लेकीला पोहायच्या क्लासला सोडून मी काठावर बसलो होतो. मी काही लिहायच्या आत भाऊजींचं उत्तर आलं: "नम्रता हा आपला संस्कार आहे. तिकडे राहून माणसं तोडून बोलायला शिकतात, त्यांचं ऐकू नकोस." नाव घेतलं नव्हतं, पण घरातून तिकडे राहणारा मी एकटाच आहे. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

मी तिला तो मेल मागितला. ती नागपूरला मिहानमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, क्लायंट इकडचा, नेदरलँड्सचा. विषयाच्या ओळीत होतं 'जेंटल रिमाइंडर'. आतला इंग्रजी मजकूर मराठीत सांगायचा तर असा: "सॉरी, पुन्हा त्रास देतेय. तुम्ही खूप बिझी असाल. कदाचित माझ्याकडूनच काही सुटलं असेल, पण फक्त एवढंच विचारायचं होतं की टेस्ट सर्व्हरच्या ॲक्सेसबद्दल काही अपडेट असेल तर, जमल्यास, सवडीनं कळवाल का? पुन्हा एकदा सॉरी."

चार दिवसांनी उत्तर आलं: "काही हरकत नाही!" बस, एवढंच.

तिला वाटलं, माणूस टाळतोय. मला तसं वाटत नाही. त्यानं मेल नीट वाचला आणि त्यात जे सगळ्यात ठळक होतं त्याला उत्तर दिलं. ठळक होती ती माफी. मागणी 'काही अपडेट असेल तर'च्या आड गेली होती, आणि तारीख कुठेच नव्हती. आपल्या मेलला 'नो प्रॉब्लेम' किंवा 'डोन्ट वरी' असं उत्तर येत असेल, तर समोरच्याला आपली विनंती दिसलेलीच नाही, हे ओळखावं.

ॲक्सेस ३ तारखेला मिळायचा होता आणि तो द्यायचं काम क्लायंटचं होतं. म्हणजे उशीर त्याचा आणि माफी मागितली हिनं. त्याहून वाईट 'कदाचित माझ्याकडूनच सुटलं असेल' हे वाक्य. उद्या डिलिव्हरी लांबली तर हेच वाक्य कोणीतरी पुढे करेल.

आम्ही फोनवर बसून तो पुन्हा लिहिला. विषय: 'टेस्ट सर्व्हर ॲक्सेस, गुरुवार दुपारपर्यंत'. आत: "नमस्कार. टेस्ट सर्व्हरचा ॲक्सेस ३ तारखेला मिळायचा होता, तो आमच्याकडे अजून आलेला नाही. गुरुवारी दुपारपर्यंत मिळाला तर आम्ही १४ तारीख पाळू शकू. त्यानंतर जितके दिवस लागतील तितके दिवस डिलिव्हरी पुढे जाईल. हे काम तुमच्याकडे दुसरं कोणी पाहत असेल तर कृपया त्यांचं नाव कळवा, मी थेट त्यांना लिहीन. धन्यवाद."

यात आदर कुठे आहे, असं भाऊजी विचारतात. गुरुवारच का, हे सांगण्यात आहे. कारण न देता तारीख टाकली तर तो हुकूम होतो. कारण दिलं की समोरच्याला स्वतः ठरवता येतं. 'दुसरं कोणी पाहत असेल तर' यानं त्याला मान राखून बाजूला होण्याची वाट मिळते. आणि 'कृपया' एकदाच, जिथे खरोखर काही मागितलंय तिथे.

आता भाऊजींकडे वळतो, कारण ते अर्धे बरोबर आहेत. त्यांनी तीस वर्षं सरकारी कचेरीत मसुदे लिहिले. लहानपणी त्यांच्या टेबलावर मी ते वाचलेत: विषय, संदर्भ, 'उपरोक्त विषयास अनुसरून', मग काय हवं आणि कधीपर्यंत, शेवटी 'आपला विश्वासू'. त्या कागदांत आदर काठोकाठ होता, आणि 'त्रास देतोय, क्षमस्व' मला एकदाही दिसलं नाही. गरजच नव्हती. मराठीत आदर क्रियापदातच बसतो. ये, या, यावे: इथेच मान ठरतो. डच लोकांना निदान मानाचा 'यू' आणि जवळिकीचा 'ये' असे दोन शब्द तरी आहेत, इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. इंग्रजीत लिहायला बसलो की तो गेलेला 'आपण' आपण सॉरीनं भरून काढतो, आणि सॉरीचा अर्थ आदर नसून चूक असा आहे.

हे मला इथल्या एका वरिष्ठ बाईंनी शिकवलं. पहिल्या वर्षी माझा मेल छापून त्यांनी पेन्सिलनं आठ शब्द खोडले आणि एका 'कदाचित'भोवती गोल केला. म्हणाल्या, "हा ठेव, पण कशाबद्दल खात्री नाही ते सांग." तेव्हापासून मी 'मला वाटतं कदाचित होईल' असं लिहीत नाही. 'आकडा पक्का आहे, तारीख शुक्रवारी कळेल' असं लिहितो. शंका खरी असेल तर ती लिहायलाच हवी, फक्त ती जिथे आहे तिथेच.

आणि चूक आपली असेल तर माफी मागायचीच. मागच्या महिन्यात भाचीनं जुनी फाइल पाठवली होती, तेव्हा 'थोडं थांबल्याबद्दल धन्यवाद' असं लिही, असा सल्ला तिला कोणी तरी दिला. तो चुकीचा होता. आपल्या चुकीवर समोरच्याचे आभार मानले की त्याला फसवल्यासारखं वाटतं. 'काल मी जुनी फाइल पाठवली, सॉरी. बरोबरची सोबत आहे, बदल फक्त तिसऱ्या पानावर आहेत.' एकदाच म्हणायचं, आणि पुढच्याच वाक्यात दुरुस्ती.

मध्येच वहिनींनी लिहिलं की त्यांच्या बिल्डिंगचा सेक्रेटरी गोड बोलल्याशिवाय टँकर मागवत नाही. तो प्रश्न वेगळा आहे, पण मे महिन्यातलं नागपूर मला माहीत आहे, तिथे मीही गोडच बोललो असतो.

भाचीची खरी अडचण मला सोडवता आली नाही. मेलच्या सीसीमध्ये तिचे नागपूरचे मॅनेजर असतात. क्लायंटला जे स्वच्छ वाटतं ते त्यांना उर्मट वाटू शकतं, आणि तिचं अप्रेझल ते करतात. पाठवण्याआधी त्यांना एकदा दाखव, एवढंच मी म्हणालो. ती म्हणाली, "मामा, तुम्ही तिथे बसून बोलून राहिले ना." बरोबर आहे तिचं.

कारण दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या महाल भागातल्या घराच्या वाटणीबद्दल मी दादाला असाच स्वच्छ मेल लिहिला होता: मुद्दे, तारीख, कारण. दोन महिने उत्तर नाही. मग आईनं फोनवर सांगितलं, "तो म्हणाला, साहेबाचं पत्र आलं." मी त्यात त्याच्या गुडघ्याची चौकशी केली नव्हती. पाऊस कसा आहे, विचारलं नव्हतं. त्या ओळी मला तेव्हा भरताड वाटल्या होत्या, आणि दादाला नेमक्या त्याच हव्या होत्या. मी परत लिहिलं नाही, तिकीट काढलं. दोघं मिळून सकाळी तर्री-पोहे खायला गेलो, आणि वाटणीचा विषय त्यानंच काढला.

भाचीचा नवा मेल सोमवारी गेला. गुरुवारी सकाळी ॲक्सेस आला, एका वेगळ्याच माणसाकडून. भाऊजींनी ग्रुपवर अंगठा दाखवला. मॅनेजर अजून काही बोललेले नाहीत.